कोलेस्टेरॉल १०४ : एका ‘चांगल्या’ रिपोर्टमागचं दुखणं

बाईंकडे एक शंभरपानी वही आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या माणसाची वही जशी असते तशीच ही आहे. समास आखलेला, तारीख उजव्या कोपऱ्यात, आणि प्रत्येक रक्ततपासणीचे आकडे निळ्या शाईत उतरवलेले. मार्च २०२४ मध्ये मुलगा त्यांना घेऊन आला, तेव्हा ही वही टेबलावर ठेवून बाई म्हणाल्या, “कोलेस्टेरॉल आता एकशे चारवर आलंय डॉक्टर. गोळी बंद करायची का?”

त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये त्या आल्या होत्या तेव्हा आकडा १२८ होता. रिपोर्ट हातात घेऊन मीच म्हणालो होतो, “छान झालंय की!” आणि तीच औषधं पुढे लिहून दिली होती. त्या दिवशी ओपीडीत गर्दी होती आणि बाईंचं वजन करायचं राहून गेलं. हे प्रकरण मी लिहून ठेवतोय ते मुख्यतः त्या दिवसासाठी. बाईंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

वहीतला उतार

बाई ६३ वर्षांच्या. रक्तदाबाचा त्रास दहा वर्षांपासून. २०१९ मध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं म्हणून अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी रात्री सुरू केली. त्यानंतर डोस एकदाही बदललेला नाही. एलडीएल म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते. वहीतले आकडे असे होते :

| केव्हा | एकूण कोलेस्टेरॉल | एलडीएल | वजन (किलो) |
|---|---|---|---|
| जून २०१९, गोळीआधी | २३८ | १५८ | ६४ |
| नोव्हेंबर २०१९ | १७२ | ९८ | ६४ |
| २०२१ | १६८ | ९५ | ६४ |
| २०२२ | १७४ | ९९ | ६४ |
| मार्च २०२३ | १५१ | ८० | ६३ |
| नोव्हेंबर २०२३ | १२८ | ६६ | केलं नाही |
| मार्च २०२४ | १०४ | ४८ | ५५.५ |

एकेक रिपोर्ट सुटा बघितला, तर त्यातला प्रत्येक चांगलाच दिसतो. प्रयोगशाळेच्या कागदावर कोलेस्टेरॉलसमोर ‘२०० पेक्षा कमी’ एवढंच छापलेलं असतं. वरची मर्यादा असते, खालची बहुतेक ठिकाणी नसतेच. म्हणून २१० आकडा ठळक अक्षरात येतो आणि १०४ साध्या. बघणाऱ्याची नजर ठळक अक्षरांवर फिरते आणि पुढे जाते.

पण हेच आकडे एकाखाली एक आले की वेगळंच दिसतं. स्टॅटिन गोळीचा जो काही परिणाम व्हायचा तो चार ते सहा आठवड्यांत होऊन जातो. बाईंच्या बाबतीत तो झाला होता. १५८ चं एलडीएल ९८ वर आलं, म्हणजे साधारण ३८ टक्के उतरलं. या डोसला एवढीच अपेक्षा असते. मग तीन वर्षं आकडा जागचा हलला नाही. आणि तीच गोळी, तोच डोस असताना २०२३ पासून तो पुन्हा घसरायला लागला. गोळीचं श्रेय गोळीला २०१९ मध्येच देऊन झालं होतं. ही दुसरी घसरण तिच्या खात्यावर टाकता येत नाही.

एकूण कोलेस्टेरॉल १२० च्या खाली किंवा एलडीएल ५० च्या खाली गेलं, तर त्याला नेहमीपेक्षा कमी कोलेस्टेरॉल म्हणायचं, असा एक सर्वसाधारण निकष आहे. बाई दोन्ही निकषांत बसत होत्या. पण खरं सांगायचं तर १२० या आकड्यापेक्षा मला ‘कारण नसताना उतरलं’ ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एखादा माणूस जन्मापासून ११५ वर असतो आणि ठणठणीत असतो. काही घराण्यांत जनुकांतल्या बदलामुळे एलडीएल आयुष्यभर कमीच राहतं. एरवी १७० वर असणारा माणूस गोळीत, आहारात, व्यायामात काही बदल नसताना १३० वर आला, तर १२० ची वाट न पाहता विचारायला हवं की हे कशामुळे.

पिशवी टेबलावर रिकामी केली

पहिलं काम अगदी साधं होतं. औषधांची पिशवी मागवली आणि टेबलावर उलटी केली. आमच्याकडे हे वरचेवर सापडतं : दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिलेली असते, नाव वेगळं असतं, आणि रुग्ण जुनी आणि नवी अशा दोन्ही घेत असतो. म्हणजे स्टॅटिनचा डोस नकळत दुप्पट. बाईंच्या पिशवीत तसं काही नव्हतं. रक्तदाबाची एक, कोलेस्टेरॉलची एक, कॅल्शियम, आणि एक अनोळखी पट्टी.

“ही कशाची?”

“केस फार गळायला लागले होते. सुनेने आणून दिली,” बाई म्हणाल्या.

ती बायोटिनची होती, १० मिलिग्रॅमची. ही पट्टी पुढे दोनदा महत्त्वाची ठरली.

मग बाईंना नीट बघितलं. नोव्हेंबरमध्ये मी रिपोर्ट बघितला होता, त्यांना बघितलं नव्हतं. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या. वर्षभरात ६३ किलोंवरून ५५.५, म्हणजे साडेसात किलो, जवळजवळ १२ टक्के वजन उतरलं होतं. ठरवून कमी केलेलं नसताना सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन गेलं तर त्याचा शोध घ्यावाच लागतो. इथे त्याच्या दुपटीहून जास्त गेलं होतं. घरच्यांना ते दिसलं होतं, पण दोन वर्षांपूर्वी बाईंचे यजमान गेले, तेव्हापासून त्या गप्प असतात, जेवणावर मन नसतं, असं मुलाचं म्हणणं. “आई पूर्वी सगळ्या गल्लीशी बोलायची. आता खिडकीत बसून असते.”

बाईंना स्वतःला वजनाची काळजी नव्हती. उलट अनेक वर्षांचा बद्धकोष्ठाचा त्रास आपोआप गेला, आता दिवसातून दोनदा-तीनदा जावं लागतं, याचं त्यांना बरं वाटत होतं. तक्रार एकच : देवापुढे मांडी घालून बसलं की उठताना दोन्ही हात टेकावे लागतात.

नाडी १०८, नियमित. रक्तदाब १४८/६२. वरचा आणि खालचा यांतलं अंतर लक्षात येण्याजोगं मोठं. ईसीजीत गती सोडली तर काही नाही.

चार वाटा

इथे थांबून यादी मनात मांडली. कोलेस्टेरॉल नेमकं कशानं उतरतं हे समजायला मला विहिरीचं उदाहरण सोपं वाटतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल म्हणजे विहिरीतली पातळी. झरा बहुतांशी यकृताचा आणि शरीरातल्या इतर पेशींचा. आपण खातो त्यातून येणारा वाटा त्या मानाने लहान. उपसाही मुख्यतः यकृताचाच, कारण यकृताच्या पेशींवर असलेले एलडीएलचे ग्राहक रेणू रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढतात आणि त्याचं पित्त बनवतात. पातळी खाली गेली, तर एक तर झरा आटलाय किंवा उपसा वाढलाय.

झरा आटण्याचं एक कारण म्हणजे यकृताचा जुना आजार. यकृत जून आणि टणक होत जातं तसं त्याचं बनवण्याचं काम मंदावतं, आणि कोलेस्टेरॉल त्या बनवलेल्या वस्तूंपैकी एक असतं. पण यकृत एकटं कोलेस्टेरॉलच बनवत नाही. तेच अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बनवतं आणि रक्त गोठवणारे घटकही बनवतं. त्यामुळे यकृतामुळे कोलेस्टेरॉल ९० वर आलेल्या माणसाचं अल्ब्युमिनही सहसा उतरलेलं असतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर वाढलेला असतो. दारूने यकृत खराब झालेला एक पन्नाशीतला गृहस्थ मला आठवतो. त्याचं कोलेस्टेरॉल ९२ होतं, आणि ‘खाण्यापिण्याचं पथ्य पाळलं म्हणून उतरलं’ असं त्याला मनापासून वाटत होतं. अल्ब्युमिन २.४ होतं आणि पोटात पाणी साठायला सुरुवात झाली होती. एक खाचखळगा इथे आहे. कावीळ पित्तनलिका अडल्यामुळे असेल, तर कोलेस्टेरॉल उतरत नाही, वाढतं. त्यामुळे ‘यकृताचा आजार म्हणजे कमी कोलेस्टेरॉल’ असं सरसकट म्हणता येत नाही.

दुसरी वाट कुपोषणाची. एकटं राहणारं म्हातारं माणूस, कवळी सैल झालेली, सकाळी चहा-बटर आणि रात्री पुन्हा चहा-बटर, अशांच्या रिपोर्टमध्ये हे दिसतं. आतड्यातून अन्न नीट शोषलं जात नसेल, तरीही हेच होतं. पोषण किती खालावलंय हे मोजण्याच्या एका पद्धतीत तीनच गोष्टी धरतात : अल्ब्युमिन, रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी आणि एकूण कोलेस्टेरॉल. त्यात कोलेस्टेरॉल १८० च्या वर असलं तर शून्य गुण, आणि १०० च्या खाली गेलं तर सर्वांत जास्त, तीन गुण. हृदयाच्या डॉक्टरांना जो आकडा दिलासा देतो, तोच आकडा तिथे धोक्याच्या बाजूला मोजला जातो.

तिसरी कॅन्सरची. काही कॅन्सरमध्ये, विशेषतः रक्ताच्या, वाढत्या पेशींना नवी आवरणं बनवायला कोलेस्टेरॉल लागतं आणि त्या ते रक्तातून ओढून घेतात. विहीर आपली, पाणी दुसऱ्याच शेताला. पोटातल्या कॅन्सरमध्ये भूक मरते, त्यामुळे उपासमारीची भर पडते. क्षयरोगासारखा जुना संसर्ग किंवा शरीरात सतत धुमसणारी सूज यांनीही आकडा उतरतो, आणि आपल्याकडे क्षय यादीत वरच ठेवावा लागतो.

चौथी थायरॉइडची, आणि तिचं गणित बाकीच्यांहून निराळं आहे. थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं की यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याचा वेगही वाढतो. म्हणजे झरा आटत नाही, उलट जोरात वाहतो. पण त्याच वेळी एलडीएल पकडणारे ग्राहक रेणू वाढतात, पित्त बनवण्याचं काम वाढतं, आणि उपसा झऱ्याला मागे टाकतो. पातळी उतरते. यकृत धडधाकट असतं, अल्ब्युमिन फारसं हलत नाही, फक्त सगळं यंत्र भरधाव चाललेलं असतं.

मुलाने बाईंना बाहेर बसवलं आणि आत येऊन हळू आवाजात विचारलं, “डॉक्टर, आईला कॅन्सर तर नसेल ना?” मी त्याला खरं तेच सांगितलं. एवढं वजन गेलंय म्हणजे तो विचार करावाच लागेल, पण आधी स्वस्तात आणि लवकर कळणारी कारणं बघू, आणि माझा संशय दुसरीकडे आहे.

संशयाचं कारण होतं नाडी. नुसतं उपाशी राहिलेलं माणूस शरीराचा खर्च कमी करतं, त्याची नाडी सहसा संथ होते. बाईंची शांत बसलेली असताना १०८ होती. मी त्यांना दोन्ही हात समोर पसरायला सांगितले. कवायतीत धरावेत तसे त्यांनी सरळ धरले. बोटांवर एक साधा कागद ठेवला. नुसत्या डोळ्यांना हात स्थिर वाटत होते, कागदाची कड मात्र बारीक थरथरत होती. घोटभर पाणी गिळायला लावून गळा चाचपला, तर उजवीकडे गाठाळ काहीतरी बोटाखालून वर सरकलं.

शांत माणसाचा थायरॉइड

थायरॉइड वाढला म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते चित्र तरुण बाईचं : डोळे मोठे, घामाघूम, बोलण्यात घाई, भूक प्रचंड आणि तरी वाळत चाललेली. साठीनंतर हे चित्र अनेकदा उलटं होतं. माणूस गप्प होतं, थकतं, भूक कमी होते, वजन उतरतं, आणि घरच्यांना ते नैराश्य वाटतं किंवा वय वाटतं. अमेरिकन सर्जन फ्रँक लेही यांनी १९३१ मध्येच या ‘उदासीन’ प्रकाराचं वर्णन करून ठेवलंय. बाईंच्या घरी वैधव्याचं दुःख खरं होतं, त्यामुळे त्या दुःखाआड हे सगळं सहज लपलं. केस गळणं, पोट साफ होणं, जमिनीवरून उठताना मांड्यांत ताकद नसणं, ही सगळी त्याच आजाराची टोकं होती, आणि प्रत्येकाला घरात आपापलं वेगळं स्पष्टीकरण मिळालं होतं.

तपासण्या सांगितल्या त्या अशा : रक्ताची मोजणी, ईएसआर, यकृताच्या सगळ्या चाचण्या, अल्ब्युमिन, आयएनआर, क्रिएटिनिन, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, थायरॉइड, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी.

आता त्या बायोटिनच्या पट्टीकडे येतो. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनात बायोटिनच वापरलेलं असतं. रुग्ण बाहेरून मोठ्या डोसमध्ये ते घेत असेल तर चाचणी फसते, आणि फसते ती नेमकी वाईट दिशेने : थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच खोटंच कमी येतं आणि थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, टी-४, खोटंच जास्त. म्हणजे निरोगी माणसाचा थायरॉइड कागदावर भडकलेला दिसतो. अशा रिपोर्टवर विसंबून एखाद्याला थायरॉइड दाबायचं औषध सुरू झालं, तर ते नाहक होईल. म्हणून गोळी बंद करून निदान दोन दिवस जाऊ द्यायचे असतात. डोस मोठा असेल तर आणखी थांबावं.

बाईंचं रक्त त्या दिवशी घेतलं, आणि गोळी बंद करून आठ दिवसांनी थायरॉइडपुरतं पुन्हा घेतलं. पहिल्यांदा टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी-४ ३.४ (त्या प्रयोगशाळेत १.७ पर्यंत ठीक). आठ दिवसांनी टीएसएच तसंच, फ्री टी-४ ३.१. म्हणजे आजार खरा होता. एक गोष्ट मला इथे फार उपयोगी वाटली. बायोटिन थायरॉइडच्या चाचणीला फसवू शकतं, पण त्याने माणसाचं कोलेस्टेरॉल वर्षभर पायरी-पायरीने उतरत नाही, नाडी १०८ होत नाही आणि साडेसात किलो वजन जात नाही. पहिला रिपोर्ट खरा असण्याची साक्ष वहीने आधीच दिली होती.

बाकीचे रिपोर्ट : हिमोग्लोबिन ११.४, पांढऱ्या पेशी व्यवस्थित, ईएसआर २८. अल्ब्युमिन ३.६, आयएनआर १.१. साखर ठीक. एक्स-रे आणि सोनोग्राफीत काही नाही. यकृताच्या चाचण्यांत मात्र अल्कलाइन फॉस्फटेज १६८, म्हणजे वाढलेलं, आणि एसजीपीटी ४६, जरासं वर. कोलेस्टेरॉल कमी, वजन कमी, त्यात हे वाढलेलं, म्हणजे यकृतात काही पसरलंय का, अशी शंका इथे कुणालाही येईल. मुलाला इंटरनेटवर वाचून तीच आली. पण अल्कलाइन फॉस्फटेज यकृतातून येतं तसं हाडांतूनही येतं. त्याच्या जोडीने जीजीटी बघितलं तर ते २४, अगदी व्यवस्थित. यकृताचं असतं तर जीजीटीही सहसा वाढलं असतं. हे हाडांचं होतं. थायरॉइड भरधाव असला की हाडांची झीज आणि बांधणी दोन्ही वेगाने होतात. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही महिने हा आकडा आणखी वाढूही शकतो, कारण हाडं पुन्हा भरून निघत असतात. हे मुलाला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर पुढच्या रिपोर्टला त्याची पुन्हा झोप उडाली असती.

थायरॉइडचा टेक्निशियम स्कॅन झाला. उजवीकडच्या दोन गाठी भरपूर पदार्थ ओढत होत्या आणि उरलेली ग्रंथी जवळजवळ विझलेली. शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे थायरॉइड भडकतो त्या ग्रेव्ह्ज आजाराची चाचणी नकारात्मक. निदान ठरलं : गाठींमुळे वाढलेला थायरॉइड, आणि त्यामुळे उतरलेलं कोलेस्टेरॉल.

तीन प्रश्न, जे घरच्यांनी विचारले

पहिला सुनेचा. “मग आईंना तूप-लोणी द्यायचं का? कोलेस्टेरॉल वाढवायला?” तिने मनापासून विचारलं होतं. बाईंना खायला भरपूर द्या, वजन गेलंय, डाळी, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, सगळं द्या. पण ते बाईंसाठी द्या, आकड्यासाठी नको. उपसा चालू असताना वरून घागरी ओतून विहिरीची पातळी राहत नाही. कमी कोलेस्टेरॉल हा इथे स्वतंत्र आजार नव्हता, त्यामुळे त्याचा स्वतंत्र उपचारही नव्हता.

दुसरा मुलाचा. त्याच्या मोबाइलवर एक संदेश फिरत आला होता की कोलेस्टेरॉल कमी झालं की कॅन्सर होतो, म्हणून या गोळ्या बंद करा. या समजाला एक खरं मूळ आहे. लोकांची रक्तं तपासून पुढे वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा ज्यांचं कोलेस्टेरॉल कमी होतं त्यांच्यात कॅन्सर थोडा जास्त सापडला. पण तपासणीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतले कॅन्सर वगळून पुन्हा मोजलं, की हा संबंध बराच फिका पडतो. म्हणजे त्या लोकांत कॅन्सर आधीच लपून बसलेला होता आणि कोलेस्टेरॉल त्याने उतरवलं होतं. गोळीने मुद्दाम उतरवलेल्या कोलेस्टेरॉलची गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फूरिए या चाचणीत २७,५६४ रुग्ण होते. स्टॅटिनवर असताना नव्या इंजेक्शनने त्यांतल्या निम्म्यांचं एलडीएल ९२ वरून ३० पर्यंत खाली आणलं गेलं, आणि दोन-सव्वादोन वर्षांच्या त्या काळात कॅन्सर वाढलेला दिसला नाही. ३० हा आकडा स्वतः घातक असता, तर तिथे काहीतरी दिसायला हवं होतं. मुलाला मी एवढंच म्हणालो, “आकडा कोणी उतरवला ते बघायचं. आपण उतरवला असेल तर ठीक, आपोआप उतरला असेल तर शोधायचं.”

तिसरा बाईंचा, पहिल्या दिवशीचा. गोळी बंद करायची का? यावर मतभेद होऊ शकतात. मी बंद केली नाही. एलडीएल ४८ मुळे त्यांना काही इजा होत नव्हती, स्नायूंचं एन्झाइम तपासून घेतलं होतं आणि ते ठीक होतं. पण खरं कारण वेगळं. गोळी आणि थायरॉइड दोन्ही एकाच वेळी बदलले असते, तर पुढे आकडा वाढल्यावर तो कशामुळे वाढला हे कळलंच नसतं. गोळी तीच ठेवून फक्त थायरॉइड ताब्यात आणला आणि कोलेस्टेरॉल पुन्हा १७० च्या आसपास गेलं, तर सगळी घसरण थायरॉइडची होती हे सिद्ध होतं. तसं झालं नाही, थायरॉइड सुधारूनही वजन आणि कोलेस्टेरॉल खालीच राहिलं, तर दुसरं काहीतरी सोबत आहे, आणि मग दुर्बीण, सीटी स्कॅन यांना पर्याय नाही. त्यासाठी तीन-साडेतीन महिन्यांची मुदत ठरवली. ती बाईंनी वहीत लाल शाईने लिहिली.

परतीचा प्रवास

थायरॉइड दाबणारं कार्बिमॅझोल २० मिलिग्रॅम रोज आणि नाडीसाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. दमा नाही याची खात्री करून घेतली होती. कार्बिमॅझोल देताना एक सूचना घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्यावी लागते : ताप आला किंवा घसा दुखायला लागला, तर गोळी तिथल्या तिथे थांबवायची आणि त्याच दिवशी रक्ताची मोजणी करायची. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी एकदम तळाला जातात आणि साधा वाटणारा घसा जिवावर बेततो. बाईंनी ही सूचना शाळेतल्या फलकासारखी ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवली.

सहा आठवड्यांनी फ्री टी-४ १.९, नाडी ८४, कोलेस्टेरॉल १३६, वजन ५६.८. टीएसएच अजून तळालाच. ते अनेक आठवडे, कधी महिने, दबलेलं राहतं, त्यामुळे या काळात डोस ठरवताना टी-४ बघायचा असतो. नुसतं टीएसएच बघून डोस वाढवत गेलं तर रुग्ण उलट्या टोकाला जातो.

जुलैच्या मध्यात, ठरवलेल्या मुदतीत : फ्री टी-४ १.२, कोलेस्टेरॉल १६७, एलडीएल ९४, वजन ५९.५. गोळी तीच, १० मिलिग्रॅम. आकडा २०२१ च्या जागी येऊन थांबला होता. सीटी स्कॅन करायची गरज उरली नाही. मुलाने हा रिपोर्ट दोनदा वाचला. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून पेढे घेऊन आलेला माझ्या आयुष्यातला तो पहिलाच माणूस.

बाई त्या दिवशी सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. तक्रारी किरकोळ होत्या, पण वर्षभरात त्या पहिल्यांदाच एवढं बोलल्या.

गाठींमुळे होणारा हा प्रकार गोळ्यांनी दबतो, कायमचा जात नाही. गोळी सोडली की परत येतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये बाईंना गाठी किरणांनी निकामी करणाऱ्या रेडिओ-आयोडीनसाठी पुण्याला पाठवलं. त्याआधी काही दिवस कार्बिमॅझोल थांबवलं होतं. हाडांची घनताही तपासली. ती वयाच्या मानाने कमी होती, त्याचे उपचार वेगळे सुरू आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये बाई वेळेच्या आधीच आल्या. वही उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. कोलेस्टेरॉल २१९, गोळी तीच. वजन ६४.५. “डॉक्टर, या वेळी मी काही वेगळं खाल्लेलं नाही,” त्या म्हणाल्या. “थायरॉइड बघायचा का?” टीएसएच १८ आलं, फ्री टी-४ कमी. रेडिओ-आयोडीननंतर ग्रंथी थकते आणि काटा दुसऱ्या बाजूला जातो, तसं झालं होतं. उपसाच मंदावला आणि विहीर भरली. थायरॉइडची उणीव भरून काढणारं थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सुरू केलं. आठ-नऊ आठवड्यांनी कोलेस्टेरॉल १७३.

वहीच्या नव्या पानावर त्यांनी आता तीन रकाने आखले आहेत : कोलेस्टेरॉल, टीएसएच आणि वजन. वजनाचा रकाना त्या मला दाखवतात, आणि काटा पुढे आणेपर्यंत खुर्चीवर बसत नाहीत.